एकच चाक, दोन आकडे: ओडोमीटर, ट्रिप मीटर आणि गाडीचं खरं ॲव्हरेज

पुतण्याने पहिली स्कूटर घेतली, जुनीच, एकशेदहा सीसीची. आठवड्याभरात घरी येऊन म्हणाला, "काका, गाडी बावन्न देते." कसं काढलंस विचारलं, तर म्हणाला, तीनशेचं पेट्रोल टाकलं, काटा जिथे होता तिथे परत आला तेव्हा दीडशे किलोमीटर झाले होते. पुढच्या आठवड्यात तीच गाडी पंचेचाळीस द्यायला लागली आणि हा मेकॅनिककडे निघाला. गाडीला काहीही झालं नव्हतं. चूक हिशेबात होती. हा लेख त्याच्यासाठी म्हणून लिहायला घेतला. ज्यांनी नुकतीच गाडी हातात घेतली आहे आणि मीटरवरचे दोन आकडे बघून कुठला कशासाठी असा प्रश्न पडतो, त्या सगळ्यांना तो चालेल.

दोन्ही आकडे येतात कुठून

मीटरवर एक मोठा आकडा असतो, त्याच्याजवळ ODO लिहिलेलं असतं. तो म्हणजे ओडोमीटर: गाडी कारखान्यातून निघाल्यापासून एकूण किती धावली. दुसरा TRIP, किंवा TRIP A आणि TRIP B. हा तुम्ही बटण दाबून शून्य करता आणि तिथून पुढचं अंतर तो मोजतो.

नवख्याला वाटतं की ही दोन वेगळी यंत्रं आहेत. मोजणी एकच असते. बऱ्याच दुचाकींत पुढच्या चाकापाशी एक सेन्सर असतो आणि चाक फिरेल तसे तो विजेचे ठोके पाठवतो. कारमध्ये हे ठोके गिअरबॉक्समधून किंवा एबीएसच्या चाकावरच्या सेन्सरकडून येतात. मीटरला चाकाचा घेर आधीच सांगून ठेवलेला असतो. इतके ठोके म्हणजे एक किलोमीटर, एवढंच त्याचं गणित. जुन्या गाड्यांत सेन्सरऐवजी केबल असे. चाकाने केबल फिरवायची, केबलने मीटरमधली बारीक दातेरी चक्रं फिरवायची आणि चक्रांनी आकड्यांचे रूळ. तिथेही केबल एकच, तिच्यावर रुळांच्या दोन रांगा.

म्हणजे मीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतं. ही गोष्ट शेवटी पुन्हा लागणार आहे.

मोजणी एक, पण दाखवण्यात तीन फरक आहेत आणि ॲव्हरेजचा सगळा घोळ त्यातूनच होतो.

पहिला फरक दशांशाचा. ओडोमीटर बहुतेक गाड्यांत फक्त पूर्ण झालेले किलोमीटर दाखवतो. मीटरवर १८३४२ दिसत असेल, तर गाडी प्रत्यक्षात १८३४२.१ वर असेल किंवा १८३४२.९ वर, तुम्हाला कळणार नाही. ट्रिप मात्र शंभर मीटरपर्यंत सांगतो, ०.१, ०.२ असा.

दुसरा सुरुवातीचा. ट्रिप शून्य करता त्या क्षणी तो तिथून सुरू होतो. ओडोमीटरवरचा किलोमीटर मात्र तेव्हा अर्धवट चालू असतो. म्हणून कधी कधी पंपावर ट्रिप शून्य करावा आणि दोनशे मीटरवर ओडोमीटर एकाने पुढे सरकावा, असं होतं. यात कोणीही चुकत नाही.

तिसरा आठवणीचा. ओडोमीटरचा आकडा बॅटरी काढली तरी राहतो, आणि तो शून्य करायचं बटणच गाडीला नसतं. ट्रिप कुणीही शून्य करू शकतो. गाडी धुणारा पोरगा, मागे बसलेली भाची, कधी आपलाच अंगठा. काही गाड्यांत बॅटरी बदलली की ट्रिप आपोआप पुसला जातो. शिवाय कित्येक मीटरांत तो ९९९.९ नंतर पुन्हा ०.० वर येतो, म्हणजे हजार किलोमीटरच्या प्रवासाला तो पुरत नाही.

या तिन्हीचा व्यवहारातला अर्थ असा. दोन ओडोमीटर रीडिंगची वजाबाकी केली, तर उत्तर खऱ्या अंतरापेक्षा जवळजवळ एक किलोमीटरने इकडे किंवा तिकडे असू शकतं. वीस किलोमीटरच्या फेरीत हा फरक पाच टक्क्यांपर्यंत जातो, म्हणजे हिशेबच वाया. दोनशे किलोमीटरमध्ये तो अर्धा टक्का होतो. सहाशेमध्ये विसरून जा. म्हणून एका टाकीचा हिशेब ट्रिपवर करायचा आणि महिन्याचा, वर्षाचा हिशेब ओडोमीटरवर.

पंपावर काय करायचं

ॲव्हरेज म्हणजे किलोमीटर भागिले लिटर. किलोमीटर आता कळले. लिटर मोजणं त्याहून अवघड, कारण टाकीत किती पेट्रोल आहे हे सांगणारं नीट साधन दुचाकीत नसतंच. काट्यावर विसंबू नका. तो टाकीतल्या तरंगत्या भोपळ्याला जोडलेला असतो, टाकीचा आकार वेडावाकडा असतो आणि गाडी तिरकी असली तरी काटा हलतो. काटा फुलवरून निम्म्यावर यायला जेवढे किलोमीटर लागतात, तेवढेच निम्म्यावरून खाली जायला लागतील असं नाही. पुतण्याचं बावन्न तिथूनच आलं होतं: १०५ रुपये भाव धरला तर तीनशेचं पेट्रोल झालं २.८६ लिटर, आणि १५० भागिले २.८६ म्हणजे ५२. भागाकार बरोबर होता. पण काटा 'तिथेच' आला होता, हे फक्त डोळ्यांचं मत.

टाकीत एकच पातळी खात्रीने ओळखता येते, ती म्हणजे फुल. म्हणून टाकी फुल ते टाकी फुल मोजायचं.

एक पंप ठरवा, जमलं तर त्यातलं एकच मशीन. स्कूटर मधल्या स्टँडवर लावा. साइड स्टँडवर गाडी कलते आणि टाकी भरल्यासारखी वाटते तेव्हा ती भरलेली नसते. पंपावरचा पोरगा म्हणेल, "झिरो बघा." बघा. मग पेट्रोल सुरू व्हायच्या आधीच सांगा की टाकी फुल, आणि पहिल्या कटला थांबायचं. आधी सांगणं महत्त्वाचं, कारण नोझल कट झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "राऊंड करू का?" चारशे अडतीस झाले असतील तर त्याला चारशे पन्नास करायचे असतात. नाही म्हणा. अडतीसचे सुटे द्या किंवा मोबाइलवरून पैसे भरा. तो राऊंड फक्त पैशांचा नसतो. त्यामुळे तुमची 'फुल'ची खूण शंभरेक मिलीने वर सरकते. वर टाकीच्या तोंडापर्यंत पेट्रोल भरणं गाडीलाही चांगलं नाही, उन्हात ते फुगतं आणि त्याला जागा लागते.

स्कूटरच्या लहान तोंडात नोझल नीट आत जात नाही, तेव्हा कटवर भरवसा ठेवता येत नाही. पेट्रोल जोरात सोडलं की फेस येतो आणि नोझल वेळेआधीच कट होतं. अशा वेळी टाकीच्या तोंडाच्या आत डोकावून बघा. बऱ्याच स्कूटरमध्ये तिथे एक धातूची पट्टी असते, पेट्रोल तिच्या खालच्या कडेला टेकलं की फुल. तेवढीच खूण प्रत्येक वेळी धरा. कट खोटा होता का हे ओळखायला एक सोपी गोष्ट आहे. तुमची गाडी साधारण सत्तेचाळीस देत असेल आणि ट्रिप १८७ दाखवत असेल, तर चार लिटरच्या आसपास बसायला हवं. अडीचवरच कट झालं, तर तो फेसाचा कट आहे, हळू सोडायला सांगा.

टाकी फुल झाली की झाकण लावायच्या आधी ट्रिप शून्य करा. काट्याच्या जुन्या मीटरमध्ये बटण दाबायचं नसतं, एक बोंडूक फिरवायचं असतं. ते गाडी उभी असतानाच फिरवा आणि सगळे शून्य एका ओळीत येईपर्यंत फिरवा. शेवटचा रूळ दोन आकड्यांच्या मध्ये अडकला, तर सुरुवातच चुकीची.

आता ओडोमीटरचा आकडा वहीत उतरवा. मोबाइलमध्ये मीटरचा फोटो काढला तरी चालेल. मी पावतीवरच लिहितो, पण पावतीची शाई दोन महिन्यांत उडते, हे सांगून ठेवतो.

मग गाडी चालवा. दीडशे-दोनशे किलोमीटर झाले की त्याच पंपावर या, तशीच टाकी फुल करा, आणि या वेळी बसलेले लिटर मशीनवरून लिहून घ्या. रुपये नाही, लिटर. मशीनवर दोन दशांशांपर्यंत दिसतात.

इथे बहुतेक जण पहिल्यांदा चुकतात, म्हणून थांबून सांगतो. भागायचं ते दुसऱ्या वेळी बसलेल्या लिटरने. पहिल्या वेळी भरलेलं पेट्रोल हे त्याआधी चाललेल्या किलोमीटरची भरपाई होती. त्याचा तुमच्या ट्रिपशी संबंध नाही. पहिल्या फुलचं काम फक्त टाकी एका ठरलेल्या खुणेवर आणून ठेवणं. नंतर जेवढं जळलं, तेवढीच जागा रिकामी झाली, आणि दुसऱ्या फुलमध्ये तेवढंच बसलं.

पुतण्याची वही

त्याला वही घालून दिली. सुरुवातीचं फुल आणि त्यानंतरच्या तीन भरण्या अशा झाल्या:

| ओडोमीटर | ट्रिप | बसलेले लिटर | ॲव्हरेज |
|---|---|---|---|
| १८३४२ | शून्य केला | ३.८० | — |
| १८५२९ | १८७.४ | ४.१६ | ४५.० |
| १८७३१ | २०१.८ | ४.०२ | ५०.२ |
| १८९२३ | पुसला गेला | ४.११ | ४६.७ |

पहिल्या ओळीसमोर ॲव्हरेज नाही, कारण तिथून मोजणी सुरू झाली. पहिल्यांदा त्याने १८७.४ ला ३.८० ने भागून ४९ काढले होते, तीच वरची चूक.

ओडोमीटरची वजाबाकी ट्रिपशी ताडून बघा. १८५२९ वजा १८३४२ म्हणजे १८७, ट्रिप म्हणतो १८७.४. पुढे १८७३१ वजा १८५२९ म्हणजे २०२, ट्रिप म्हणतो २०१.८. एकदा ओडोमीटर कमी, एकदा जास्त, पण फरक एका किलोमीटरच्या आत. हे बरोबर आहे. फरक एक किलोमीटरहून जास्त आला, तर मध्ये कुणीतरी ट्रिप शून्य केला असणार, किंवा केबलच्या मीटरमध्ये एखादं दातेरी चक्र झिजून रूळ अडकत असणार. दोन्ही आकडे थांबलेत आणि वेगाचा काटाही शून्यावर पडलाय, तर केबल तुटली. त्या काळात पेट्रोल जळत राहतं आणि किलोमीटर वाढत नाहीत, म्हणून त्या टाकीचं ॲव्हरेज वहीत धरूच नका.

शेवटच्या ओळीत ट्रिप पुसला गेला. बहिणीने बटण दाबलं, असं त्याचं म्हणणं. पण ओडोमीटर लिहिलेला होता, म्हणून टाकी वाया गेली नाही. १८९२३ वजा १८७३१, म्हणजे १९२, भागिले ४.११.

आता पंचेचाळीस आणि पन्नास. त्याचा प्रश्न असा की रस्ता तोच, ऑफिस तेच, मग एका आठवड्यात पाचचा फरक कसा? दोन्ही आकड्यांकडे एकत्र बघितलं की उलगडतं. समजा पहिल्या भरणीला, म्हणजे ४.१६ बसलं तेव्हा, पेट्रोल खुणेच्या वर दोनशे मिली गेलं. खरी गरज ३.९६ ची होती. मग त्या टाकीचं खरं ॲव्हरेज १८७.४ भागिले ३.९६, म्हणजे ४७.३. ते जास्तीचे दोनशे मिली कुठे गेले नाहीत, टाकीतच राहिले आणि पुढच्या आठवड्यात जळले. म्हणून पुढच्या भरणीला दोनशे मिली कमी बसलं. ४.०२ ऐवजी ४.२२ धरा, २०१.८ भागिले ४.२२, ४७.८. दोन्ही आठवडे गाडी सारखीच चालली होती.

चार लिटरच्या टाकीत दोनशे मिली म्हणजे पाच टक्के. पेट्रोलचा एक पेलाभर इकडे-तिकडे झाला की एका टाकीचं ॲव्हरेज दोन-अडीचने हलतं. स्कूटर घेऊन मेकॅनिककडे जाण्याआधी हे लक्षात ठेवा.

या चुकीची गंमत म्हणजे एका भरणीत ती वर गेली, तर पुढच्या भरणीत तेवढीच खाली येते. बेरीज केली की दोन्ही एकमेकींना खातात. म्हणून तिन्ही टाक्यांची बेरीज करा. १८९२३ वजा १८३४२, म्हणजे ५८१ किलोमीटर. लिटर ४.१६ अधिक ४.०२ अधिक ४.११, म्हणजे १२.२९. भागाकार ४७.३. या आकड्यात फक्त पहिल्या आणि शेवटच्या फुलची चूक उरते, मधल्या सगळ्या गळून पडतात. पाच-सहा टाक्यांनंतर तर तीही जाणवत नाही. लांबचा हिशेब ओडोमीटरवर करायचा तो यासाठी. मधले ट्रिप पुसले गेले काय, राहिले काय, दोन टोकांचे दोन आकडे पुरतात. लिटर मात्र एकही सुटता कामा नये.

मध्ये कधी फुल न करता दोनशेचंच पेट्रोल टाकावं लागतं, महिनाअखेरीला हमखास. त्याने साखळी तुटत नाही. ट्रिपला हात लावू नका, फक्त लिटर लिहा. चौथ्या वेळी पुतण्याने असंच केलं: मध्ये १.९० लिटर टाकलं, मग फुल करताना ३.३७ बसलं, ट्रिप होता २४८.६. दोन्ही लिटर मिळवून ५.२७, आणि ॲव्हरेज ४७.२.

सरासरी काढताना एक खड्डा आहे. टाक्यांच्या ॲव्हरेजची बेरीज करून टाक्यांच्या संख्येने भागू नका. दुचाकीत प्रत्येक टाकी जवळपास सारखीच धावते म्हणून फरक कळत नाही, पण कारचं बघा. हायवेला चारशे किलोमीटर गेलात, वीसचं ॲव्हरेज मिळालं, म्हणजे वीस लिटर. गावात शंभर किलोमीटर फिरलात, दहाचं मिळालं, म्हणजे दहा लिटर. वीस आणि दहाची सरासरी पंधरा येते, पण तुम्ही तीस लिटरमध्ये पाचशे किलोमीटर गेलात, म्हणजे १६.७. एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर, दुसरा मार्ग नाही.

गावातल्या त्या दहाचं कारणही मीटरच्या स्वभावात आहे. सिग्नलला उभी असलेली गाडी पेट्रोल पिते आणि ओडोमीटर जागचा हलत नाही. एसी लावून उभी असलेली लहान पेट्रोल कार तासाला पाऊण-एक लिटर सहज घेते, आणि त्या लिटरच्या वाट्याला किलोमीटर येतो शून्य.

जुनी बाइक असेल तर

कार्ब्युरेटरच्या बाइकला टाकीखाली पेट्रोलचा नॉब असतो, ON आणि RES लिहिलेला. चालता चालता गाडी आचके द्यायला लागली की रिझर्व्हला लागली म्हणायचं आणि नॉब फिरवायचा. ही पातळी फुलइतकीच पक्की असते, कारण आतली नळी ठरावीक उंचीवर उघडी असते. त्यामुळे टाकी फुल करायला पैसे नसतील, तरी ॲव्हरेज काढता येतं. गाडी रिझर्व्हला लागली त्या ठिकाणी ट्रिप बघा, शून्य करा. पंपावर जाऊन मोजून तीन लिटर टाका आणि नॉब परत ON वर आणा, हे विसरलात तर पुढच्या वेळी रस्त्यात ढकलत जाल. पुन्हा रिझर्व्हला लागली की ट्रिपला तीनने भागा. रिझर्व्हला लागल्यापासून पंपापर्यंतचे किलोमीटरही त्याच तीन लिटरमधून जातात, म्हणून शून्य करायचं ते गाडी आचके देते तिथे, पंपावर नाही.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक गाड्यांना फ्युएल इंजेक्शन बसलं. तो नॉब गेला, त्याच्या जागी दिवा आला. दिवा काट्यासारखाच भोपळ्यावर चालतो, चढावर लागतो आणि उतारावर विझतो. त्याच्यावर ही पद्धत करू नका.

नव्या गाड्या स्क्रीनवर स्वतःच ॲव्हरेज दाखवतात. ते लिटर टाकीतून मोजलेले नसतात. इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून पेट्रोलचा अंदाज काढलेला असतो. आमच्या कारची स्क्रीन १८.६ म्हणते तेव्हा वहीत १७.४ येतात, आणि हा फरक वर्षभर जवळपास तेवढाच आहे. त्यामुळे कालच्यापेक्षा आज बरं चाललं का, हे बघायला स्क्रीन छान, पेट्रोलचा खर्च काढायला वही. बऱ्याच गाड्यांत हे ॲव्हरेज TRIP A बरोबर शून्य होतं, तेव्हा फुल केल्यावर A आणि सर्व्हिसिंगपासूनचे किलोमीटर मोजायला B, अशी वाटणी करून टाका.

जाहिरातीतला आकडा आणि वहीतला आकडा जुळत नाही म्हणून चिडू नका. पुणेकर ज्या टेकडीला एआरएआय टेकडी म्हणतात, तिथल्या संस्थेसारख्या प्रयोगशाळांत ती चाचणी होते. गाडी रोलरवर, ठरवून दिलेल्या वेगांनी चालवतात. त्या रोलरवर खड्डे नसतात.

मीटर खरं बोलतं का

हा प्रश्न शेवटी ठेवला, कारण वही सुरू व्हायच्या आधी त्याचा उपयोग नाही. लोक म्हणतात की मोबाइलवर वेग ५६ दिसतो आणि काटा साठ दाखवतो, म्हणजे ॲव्हरेजही तेवढंच फुगवलेलं. तसं नाही. वेगाचा काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवू नये म्हणून कंपन्या तो मुद्दाम थोडा वर ठेवतात. ओडोमीटरला तो वाढावा दिलेला नसतो. एकाच सेन्सरचे ठोके असले, तरी काटा जास्त आणि किलोमीटर बरोबर, असं होऊ शकतं आणि बऱ्याचदा होतं.

ओडोमीटर तपासायला हायवेवर जा. राष्ट्रीय महामार्गावरच्या दगडाचा माथा पिवळा असतो, राज्य महामार्गाचा हिरवा. आपण अजून त्याला मैलाचा दगड म्हणतो, पण वरचे आकडे किलोमीटरचे असतात. एका दगडापाशी थांबून ट्रिप शून्य करा आणि वीस दगड पुढे जाऊन बघा. एकाच किलोमीटरवर तपासू नका, रस्ता रुंद करताना दगड सरकवलेले असतात. मोबाइलवर जीपीएसने अंतर नोंदवणारं ॲप चालू ठेवून जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर केलेत तर आणखी बरं. ४० ऐवजी ट्रिप ४०.८ दाखवत असेल, तर मीटर दोन टक्के जास्त मोजतो आणि तुमचं ॲव्हरेजही दोन टक्के फुगलेलं आहे.

पंपाच्या लिटरबद्दल शंका असेल तर तीही तपासता येते. पंपावर शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप ठेवणं बंधनकारक आहे आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात पेट्रोल मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला पंचवीस मिलीपर्यंतचा फरक चालतो, म्हणजे अर्धा टक्का. त्याहून जास्त कमी आलं, तर वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते.

सहा महिन्यांनी पुतण्या परत आला. सर्व्हिसिंग केलं, पुढचा टायर नवीन टाकला आणि ॲव्हरेज पडलं. वही उघडून दाखवली. आधीच्या पाच टाक्यांत ४७.५, नंतरच्या तीन टाक्यांत ४६.७. पेट्रोल तेच, पंप तोच. मेकॅनिकने काहीतरी बिघडवलं, असा त्याचा सूर होता.

टायरवरचा आकडा बघायला सांगितला: 90/100-10. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा टायरची उंची रुंदीच्या किती टक्के ते, शेवटचा रिमचा व्यास इंचांत. दहा इंच म्हणजे २५४ मिलिमीटर, त्यात वर आणि खाली मिळून टायरचे नव्वद-नव्वद. नव्या टायरचा व्यास ४३४ मिलिमीटर, घेर साधारण १.३६ मीटर. एका किलोमीटरला सुमारे ७३३ फेरे. त्याचा जुना टायर चार मिलिमीटर झिजून गुळगुळीत झाला होता. व्यास ४२६ वर आलेला. त्याच किलोमीटरला चाक आता ७४७ फेरे घालत होतं, आणि मीटर बिचारं दर ७३३ फेऱ्यांना एक किलोमीटर धरत होतं. खऱ्या शंभर किलोमीटरचे त्याच्या ओडोमीटरवर जवळजवळ १०२ होत होते.

आधीच्या ४७.५ मधून हे दोन टक्के काढले, की ४६.६ येतात. गाडी तेव्हाही तेवढंच देत होती. त्याने वहीत त्या ओळीच्या बाजूला "पुढचा टायर नवा, ओडो २३११८" एवढं लिहिलं आणि मेकॅनिकला करायचा फोन राहून गेला.